तिच्या लग्नाची तारीख आणि त्याचे मेसेज

"ब्रेकअप होऊन किती दिवस झाले त्याला?" माझ्या मागं लागलेल्या मुलाचं सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी रूममेटनं विचारलं, मग ऑफिसातल्या ताईंनी, मग लातूरच्या मावसबहिणीनं फोनवर. मी म्हटलं झाले असतील दीड-दोन महिने. पुढचा शब्द तिघींचा एकच, रिबाउंड, म्हणजे जुनं नातं तुटल्याच्या भरात लगेच दुसऱ्या कुणाच्या मागं लागणं. रूममेट तर म्हणाली की बाई सहा महिने त्याचा फोनच उचलू नको, सहा महिन्यांनी पण आला तर खरा. हे सहा महिने कुठून आले ते तिलाही सांगता आलं नाही, पण असा काहीतरी हिशोब सगळ्यांच्या डोक्यात असतोच, जितकी वर्षं नातं त्याच्या निम्मे महिने थांबायचं वगैरे. मला मात्र त्या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट हळूहळू कळत गेली की हा प्रश्नच फारसा कामाचा नाही, आणि जे प्रश्न कामाचे आहेत ते कुणी विचारत नाही. म्हणून हे सविस्तर लिहायलेय.

तो परभणीचा, कृषी खात्यात. मी संभाजीनगरला पाणलोटाच्या कामात. ओळख वाल्मी या पाणी-जमीन व्यवस्थापनाच्या संस्थेतल्या एका ट्रेनिंगमध्ये झाली, तेव्हा त्याचं कॉलेजातल्या मैत्रिणीसोबत सुरू होतं आणि ते त्यानं लपवलं पण नव्हतं. कृषी विद्यापीठात बीएस्सीला असल्यापासूनचं, आठ-नऊ वर्षांचं नातं. दोघांची जात वेगळी. तिच्या घरच्यांनी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, मग वर्षभर टोलवलं, आणि शेवटी एक स्थळ आलं आणि सुपारी फुटली. तिनं त्याला फोनवर सांगितलं की माझ्याच्यानं आता घरच्यांशी भांडणं होत नाही. विषय संपला. म्हणजे तिच्या बाजूनं संपला.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्याचे मेसेज सुरू झाले. आधी कामाचे, मग साधे, मग असे की मी जेवले का, झोपले का, मीटिंग कशी झाली. सकाळी उठून मोबाईल बघितला की आठ-दहा मेसेज पडलेले. रात्री साडेदहाला फोन, तो कधी चुकायचा नाही. एखाद्या रविवारी तपोवन एक्सप्रेसने यायचा, क्रांती चौकात भेटायचो, दोन-तीन तास बोलायचो आणि तो रात्रीच्या एसटीने परत, म्हणजे जवळपास दोनशे किलोमीटर येणं आणि तेवढंच जाणं फक्त दोन-तीन तासांसाठी. महिनाभरात त्याचं बोलणं लग्नावर आलं. बदली करून घेतो म्हणाला संभाजीनगरला. "मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी समजून घेतलंय," हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं की मला पाठ झालं.

आणि मला ते आवडत होतं. हे स्पष्टच लिहिते, कारण अशा विषयावर लिहिणारे लोक असं दाखवतात की समोरचा येडा झालेला आणि आपण शहाण्यासारखं लांबून बघतोय. तसं नसतंय. घरी वडिलांची शुगर, आईचं स्थळांचं टुमणं, कांदेपोह्याला येणारी मुलं दहा मिनिटं बोलून पॅकेज विचारून जायची, त्यात एक माणूस इतक्या ओढीनं येतोय म्हटल्यावर कुणालाही बरंच वाटेल. प्रश्न आवडण्याचा नव्हताच. ही ओढ माझ्याकडे आहे का दुसऱ्या कुणापासून लांब पळायची आहे, हा होता.

इथं एक माहिती उपयोगी पडते. हेलन फिशर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई, त्यांनी आणि त्यांच्या टीमनं 2010 मध्ये एक अभ्यास छापला. नुकतंच नातं तुटलेली, ज्यांना समोरच्यानं सोडलंय पण ज्यांचं प्रेम अजून संपलेलं नाही अशी 15 माणसं घेतली, त्यांना एक्सचे फोटो दाखवले आणि तेव्हा मेंदूचं स्कॅन केलं. मेंदूचे जे भाग काम करताना दिसले त्यात एखादी गोष्ट मिळवण्याच्या ओढीशी जोडलेले भाग होते, आणि त्यातले काही कोकेनच्या तलफेच्या अभ्यासात दिसणारे. म्हणजे ज्याला सोडून दिलंय तो माणूस नुसता दुःखी नसतो, त्याला तलफ आलेली असते. ओढ तर पूर्ण जोरात चालू आहे पण ती जिच्याकडे जायची ती वाट बंद झालीय. अशा वेळी समोर कुणी प्रेमानं बोलणारं माणूस आलं की ती सगळी ओढ तिकडं वळू शकते. आणि वळली की ती खोटी नसते बरं का, त्याला ती खरीच वाटते, तो नाटक करत नसतो. म्हणूनच "तो मनापासून बोलायलाय का" याचं उत्तर हो आलं तरी आपल्याला काहीच कळत नाही. रिबाउंडमधला माणूस पण मनापासूनच बोलतो.

मग कळायचं कसं? मला ते त्याच्या बोलण्यातून नाही कळलं, तारखांवरून कळलं.

एकदा सहज चॅट वर सरकवत होते, जुनं काहीतरी शोधायला, तेव्हा दिसलं की त्याचे मेसेज रोज सारखे नाहीत. दोन-चार दिवस नॉर्मल असायचे, मग अचानक एका रात्रीत उसळायचे, लांबच्या लांब मेसेज, पहाटे दोनला, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं" असे. अशा रात्री मी आठवून बघितल्या. एक त्या दिवसाची, ज्या दिवशी तिचा साखरपुडा झाला, ते त्यानंच नंतर कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. एक त्या दिवसाची, जेव्हा त्यांच्या कॉलेजच्या ग्रुपवर तिची पत्रिका पडली. एक तिच्या वाढदिवसाची. माझ्या आयुष्यात त्या दिवसांत काहीच घडलेलं नव्हतं. उलट माझ्या वडिलांना दवाखान्यात ॲडमिट करावं लागलं त्या आठवड्यात त्याचे मेसेज साधेच होते, काळजीचे होते पण साधे. म्हणजे त्याची भरती-ओहोटी माझ्या कॅलेंडरवर चालत नव्हती, तिच्या कॅलेंडरवर चालत होती. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण आहे आणि ती कुणालाही तपासता येते, कारण चॅटवर तारीख आणि वेळ असतेच. फक्त एखादी रात्र जुळली तर तो योगायोग समजावा, तीन-चार जुळल्या तर नाही.

साडेदहाच्या फोनचं पण तसंच निघालं. मी एकदा म्हटलं की मला दहालाच झोप येते, आठला बोलूया. आठला त्यानं केला फोन, बोलला, आणि साडेदहाला परत केला. मी विचारलं अरे आत्ताच तर बोललो. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "ही वेळ जात नाही गं." ती त्यांची वेळ होती. होस्टेलला असल्यापासूनची. आठ-नऊ वर्षं रोज रात्री साडेदहाला त्या माणसाच्या कानाला एक आवाज होता आणि तो आवाज बंद झाला, तर ती वेळ कुठंतरी भरायला पाहिजेच होती. लांबलचक नातं तुटतं तेव्हा माणूस जातो ते एक, पण त्याच्यासोबत अशा ठरलेल्या जागा रिकाम्या होतात, रात्रीचा फोन, रविवारची दुपार, पगार झाला की पहिलं कुणाला सांगायचं, सिनेमाला कुणासोबत जायचं. त्याला मी हवी होते हे खरं, पण त्यातली किती मी आणि किती ती जागा, हे त्याला स्वतःलाही वेगळं करता येत नव्हतं.

आणखी एक दिसलं. तो मला खूप काही सांगायचा, विचारायचा पण, पण विचारलेलं टिकायचं नाही. मी संध्याकाळी पाचनंतर चहा पीत नाही हे त्याला कितीदा सांगितलं, तरी प्रत्येक भेटीत दोन चहा. माझ्या धाकट्या भावाचं नाव तो दोनदा चुकला. यावरून तो बेफिकीर आहे असं मला वाटलं नाही, तिच्याबद्दल त्याला बारीकसारीक सगळं आठवायचं. जागाच नव्हती त्याच्या डोक्यात. नवीन माणूस साठवायला जी जागा लागते ती अजून जुन्यानं व्यापलेली होती.

आता दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, कारण रिबाउंड म्हणजे शंभर टक्के फेल असं जे म्हणतात तेही खरं नाही. क्लॉडिया ब्रम्बॉ आणि ख्रिस फ्रेली या दोघांचा 2015 चा अभ्यास आहे, त्यात ब्रेकअपनंतर नवीन नात्यात असलेले लोक एकटे असलेल्यांपेक्षा जास्त बरे दिसले, स्वतःबद्दल जास्त विश्वास होता, एक्सबद्दलचा गुंता पण कमी होता. लवकर नवीन नातं सुरू केलं म्हणून नुकसान झालं असं काही त्यांना दिसलं नाही. त्याआधी 2007 मध्ये निकोलस वुल्फिंगर यांनी अमेरिकेतल्या घटस्फोटितांची आकडेवारी तपासली होती, घटस्फोटानंतर पटकन दुसरं लग्न केलेल्यांची लग्नं जास्त मोडतात का हे बघायला. तसं काही निघालं नाही. मी हे वाचलं तेव्हा मला एकदम हायसं वाटलं, रूममेटला पण वाचून दाखवलं.

पण दोन-तीन दिवसांनी दुसरंच डोक्यात आलं. ब्रम्बॉ-फ्रेलीच्या अभ्यासात प्रश्न कुणाला विचारलेत? ज्याचं ब्रेकअप झालं त्याला. नवीन नात्यामुळं त्याला बरं वाटतं का, तर हो वाटतं. ज्या माणसाकडे तो गेला तिचं काय झालं, हे त्यात नाहीच. मला काय होतंय हे मलाच बघावं लागणार होतं. त्याचं दुःख माझ्यासोबत बोलून हलकं होत होतं आणि त्याच वेळी माझा जीव गुंतत चालला होता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच फोनवर घडत होत्या. बरं झाल्यावर त्याला माझी तेवढी गरज उरली नसती तर त्याचा फायदाच झालेला असता. माझं काय.

म्हणून मी वेग कमी करायचा ठरवला. नाही म्हणायचं नाही, हो पण म्हणायचं नाही. मी त्याला सरळ सांगितलं की बुधवारी आणि रविवारी बोलायचं, पहाटेचे मेसेज नको, स्टेटसला आपला फोटो नको, आणि तिचं लग्न होऊन दोन महिने जाईपर्यंत लग्नाचा विषय नको. फोटोचं मुद्दाम सांगितलं, कारण आधी एकदा त्यानं आमच्या दोघांचा बीबी का मकबऱ्यासमोरचा फोटो स्टेटसला टाकला होता आणि सारखं बघत होता कुणी बघितला, कुणी नाही. एकाच नंबरची वाट बघत होता तो, हे मला शेजारी बसून कळत होतं. ज्या फोटोत मी आहे तो फोटो दुसऱ्या कुणाला दाखवण्यासाठी आहे, हे मला नाही चाललं.

वेग कमी केल्यावर समोरचा काय करतो हे बघण्यासारखं असतं. नाराज होणं ठीक आहे, कुणीही होईल. पण नाराज होऊन ऐकतो का, का घाबरतो. तो घाबरला. "तू कामून असं करायलीस, तू पण जाणार आहेस का," असा मेसेज आला. पण या वाक्यातला तो "पण" मला उद्देशून नव्हताच. आणि लगेच तिसऱ्या दिवशी बोलवलेलं नसताना स्टेशनवर येऊन फोन. त्याला मी त्या दिवशी भेटले नाही. अवघड गेलं, खाली रिक्षापर्यंत जाऊन परत वर आले. पण त्याच्या बाजूनं एक सांगते, तो चिडला नाही, धमकी नाही, जिवाचं काही बरंवाईट करीन असलं बोलणं नाही. ते बोलणं आलं असतं तर मी त्याच मिनिटाला त्याच्या भावाला फोन केला असता आणि स्वतः बाजूला झाले असते, कारण तिथं रिबाउंड आहे का नाही हा प्रश्नच उरत नाही.

मग वैशाखात तिचं लग्न लागलं. मला तारीख माहीत होती, पत्रिकेमुळं. त्या दिवशी सकाळीच तो तपोवनने निघाला आणि दुपारी माझ्या ऑफिसच्या खाली. यावेळी मी भेटले. सिद्धार्थ उद्यानात जाऊन बसलो, उन्हानं जीव चाललेला. तो म्हणाला, "आज हो म्हण. आजच. मी उद्या घरी सांगतो." मी विचारलं, आज काय आहे रे? तो म्हणाला काही नाही. मी परत विचारलं. तर तोंड फिरवून रडला, खूप रडला, आणि मग एक-दीड तास तो फक्त तिच्याबद्दल बोलला. तिला घरच्यांपुढं उभं राहता आलं नाही याचा राग, आणि आपण पण दोन वर्षं नोकरी लागल्यावर बघू म्हणत वेळ घालवला याची टोचणी. ही दुसरी गोष्ट त्यानं पहिल्यांदा बोलून दाखवली. तोवर त्याच्या गोष्टीत एक तर ती देवी असायची नाही तर विश्वासघातकी, मधलं काही नाही, आणि तो स्वतः त्या गोष्टीत कुठंच काही करताना दिसायचा नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा माणूस झाली आणि तो पण.

बस सुटायच्या आधी तोच म्हणाला, "आज तू हो म्हटलं असतंस ना, तर मी तिला दाखवायला केलं असतं."

त्यानंतर मेसेज कमी झाले. एकदम. वीस-पंचवीसवरून दिवसाला दोन-तीन, मग काही दिवस एकही नाही. हे मला आधीच माहीत असायला पाहिजे होतं, डोक्याला माहीत पण होतं, तरी त्या पंधरवड्यात माझं जेवणात लक्ष नव्हतं. ताई म्हणाल्या बघ, मी म्हटलेलं. मला त्यांचं पूर्ण पटलं नाही. मेसेज कमी होणं म्हणजे सगळं खोटं होतं असं नाही, तलफेच्या जोरावर आलेलं जेवढं होतं तेवढं उतरलं. खाली काय राहिलंय ते आता दिसणार होतं आणि ते बघायचं धाडस दोघांनाही करायला लागणार होतं. तो परभणीतच एका समुपदेशक मॅडमकडे जायला लागला, त्याच्या बहिणीनं नेलं. मी माझ्या कामाला लागले. पावसाळ्यात त्याचा मेसेज आला, आमच्या बंधाऱ्याला पाणी आलं का म्हणून, आणि खाली, "काकांची शुगर आता किती आहे, त्या डॉक्टरनं इन्सुलिनचं काय ठरवलं." डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवलंय हे मी त्याला कधीतरी उन्हाळ्याच्या आधी सांगितलं होतं. आता आम्ही बोलतो, आठवड्यातून एखाद वेळेस, कधी आठला कधी दुपारी. लग्नाचं कुणी बोलत नाही.

आणि ज्या मावसबहिणीनं मला तो प्रश्न विचारला होता तिचाच मागच्या महिन्यात फोन आला. तिच्या मागं एक जण लागलाय, बँकेत आहे, पाच वर्षांचं नातं संपून त्याला तीनच आठवडे झालेत. ती म्हणाली तू तर मला शिव्याच घालशील. मी म्हटलं थांब, आधी सांग, कुणी मोडलं? तर त्यानं मोडलं. का? गेली दोन वर्षं दोघं नावालाच सोबत होते, ती पुण्याला, हा लातूरला, एकमेकांना काय सांगायचं तेच उरलं नव्हतं, शेवटी बसून बोलून थांबले. एक्सबद्दल कसा बोलतो? चांगलं बोलतो, कमी बोलतो, स्वतःच्या चुका पण सांगतो. तुझ्या परीक्षेची तारीख त्याला माहीत आहे? हो, हॉल तिकीट पण त्यानंच प्रिंट करून आणलं. तू चार दिवस फोन नको म्हटलीस तर? म्हटलं होतं, नाही केला, पाचव्या दिवशी पेपर कसा गेला एवढं विचारलं.

या माणसाचं रडून दोन वर्षांपूर्वीच झालेलं होतं, नात्यात असतानाच. नातं संपल्याची तारीख तेवढी तीन आठवड्यांपूर्वीची. माझ्यावाल्याला त्याच्यापेक्षा जास्त दिवस झालेले होते आणि तरी त्याचं काहीच संपलेलं नव्हतं, कारण त्याला दुसऱ्यानं थांबवलं होतं, तो स्वतः थांबलाच नव्हता. मी तिला म्हटलं, भेट त्याला. घाई करू नको, पण भेट. आणि त्याचे मेसेज कधी वाढतात आणि त्या दिवशी कुणाच्या घरी काय होतं, तेवढं मात्र बघत जा.